रात्री लाईट गेली तर इलेक्ट्रिशियनला मेसेज कसा लिहावा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात खाली तीन भाडेकरू राहतात, त्यामुळं पावसाळ्यात इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबरला रात्री मेसेज टाकायची वेळ माझ्यावर दरवर्षी येते. "फोटो पाठवा आणि अर्जंट लिहा" एवढाच सल्ला सगळे देतात. तो अपुरा आहे.

आधी गल्लीत बघा. सगळी गल्ली अंधारात असेल, खांबावर ठिणग्या उडत असतील किंवा तार तुटून पडली असेल तर इलेक्ट्रिशियनचा उपयोग नाही. लांब राहून हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या 1912 ला फोन लावा. गल्लीत लाईट आहे आणि फक्त आपल्याच घरात नाही, तरच पुढचं वाचा. दिवे एकदम प्रखर पेटले, पंखा भन्नाट फिरायला लागला, किंवा काही दिवे प्रखर आणि काही मंद झाले, तर बहुतेक न्यूट्रलची तार सुटलेली असते. तेव्हा मेसेज नंतर, आधी मेन स्विच बंद. नाहीतर फ्रिज, टीव्ही जळतात. मग 1912 आणि इलेक्ट्रिशियन, दोघांनाही फोन करा.

आता बिघाड लिहिण्याचा भाग. मी सगळ्यात जास्त चुकलो तो इथंच. एका जुलैमध्ये मी इलेक्ट्रिशियनला लिहिलं, "फ्यूज उडालाय, लगेच या." तो फ्यूजची तार आणि एक एमसीबी घेऊन भर पावसात आला. दोष गिझरच्या एलिमेंटमध्ये निघाला. एलिमेंट त्याच्याकडं नव्हतं, दुकानं बंद झालेली. त्याची फेरी वाया गेली आणि पैसे मला द्यावे लागले. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही, डोळ्यांना काय दिसतं ते लिहायचं. निदान करणं त्याचं काम आहे.

पण दिसायला हवं तर थोडं तपासावं लागतं. जळका वास येत असेल, बोर्ड ओला असेल किंवा बोर्डातून तडतड आवाज येत असेल तर काहीच तपासू नका. सुरक्षितपणे हात पोचत असेल तर मेन बंद करा, आणि "बोर्डाला हात लावलेला नाही" असं मेसेजमध्ये लिहा. तसं काही नसेल तर कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून बोर्डासमोर उभे राहा. बोर्डावर टेस्टचं बटण असलेला एक मोठा स्विच असतो, त्याला इथं बहुतेक जण ईएलसीबी म्हणतात. तो पडलाय की त्याच्या शेजारचा एखादा छोटा एमसीबी पडलाय, हे आधी बघा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. छोटा पडला तर त्या लाईनवर लोड जास्त झाला असेल किंवा शॉर्ट झाला असेल. मोठा पडला तर बहुतेक कुठंतरी करंट गळतोय, आणि पावसाळ्यात ओलसर भिंत, गिझर, पाण्याची मोटर यांच्यावर पहिला संशय जातो.

मोठा पडला असेल तर सगळे छोटे एमसीबी खाली करा आणि मोठा वर करून बघा. टिकला, तर छोटे एकेक करून वर करा. ज्याला वर करताच मोठा पडतो ती लाईन सापडली. तो एमसीबी खालीच ठेवा, मोठा परत वर करा आणि बाकीचे चालू करा, म्हणजे घरात उजेड येईल. सगळे छोटे खाली असूनही मोठा टिकत नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. न्यूट्रल आणि अर्थिंग कुठंतरी भिडलेले असू शकतात, आणि एमसीबी खाली केले तरी तो दोष तुटत नाही. मेसेजमध्ये "सगळे छोटे खाली असूनही मोठा टिकत नाही" एवढंच लिहा. त्यावरूनच तो वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचा मेगर घेऊन येईल. प्रत्येक प्रयत्न एकदाच करायचा. पडणारा स्विच बोटानं दाबून धरणं किंवा त्याला चिकटपट्टी लावणं यासारखा वाईट सल्ला नाही. तो पडतो म्हणून घरातली माणसं वाचतात.

परवाचाच मेसेज देतो, खालच्या भाडेकरूंच्या घरासाठी पाठवलेला:

"अण्णा, आत्ता रात्री 9.20. गल्लीत लाईट आहे, फक्त आमच्या खालच्या घरात गेली होती. टेस्ट बटणवाला मोठा स्विच पडत होता. सगळे छोटे खाली केल्यावर मोठा टिकला. बाथरूमचा वर केला की लगेच पडतो. त्या लाईनवर गिझर आहे, 15 लिटरचा. जळका वास नाही, बोर्ड कोरडा आहे. तो एक बंद ठेवून बाकी घर चालू आहे. आज नको, उद्या सकाळी 8 पर्यंत या. घरात म्हातारं माणूस आहे, गरम पाणी लागतं."

यात "अर्जंट" हा शब्द कुठंच नाही. काय बंद आहे आणि किती वेळ थांबता येतं, एवढं लिहिलं की निकड आपोआप कळते. आज थांबता येतं ते खरं सांगितलं म्हणूनच, ज्या रात्री मी "आत्ता या" लिहितो त्या रात्री तो येतो.

हाच मेसेज बोलूनही पाठवा. आपल्याकडं अस्खलित मराठी बोलणारे बरेच मिस्त्री कन्नड शाळेत शिकलेले असतात आणि मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो. अर्ध्या मिनिटाचा आवाज पुरतो.

फोटो तीनच: पूर्ण बोर्ड लांबून, पडलेला स्विच जवळून आकडे वाचता येतील असा, आणि संशय असलेली वस्तू. फ्लॅशनं आकडे पांढरे होतात, म्हणून दुसऱ्या मोबाईलची बॅटरी बाजूनं धरा. फोटोसाठी बोर्डाचं झाकण उघडायचं नाही. प्लंबर असेल तर कुठला कॉक बंद केल्यावर गळती थांबते ते लिहा, आणि फुटलेल्या पाइपशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. जाडी आणि पाइपचा रंग दिसला की तो बरोबर जोड घेऊन येतो.

पत्त्यात गल्लीच्या आधी भागाचं नाव लिहा. खडेबाजार बेळगाव शहरातही आहे आणि शहापुरातही. एक मिस्त्री माझ्या मेसेजवरून शहरातल्या खडेबाजारात जाऊन थांबला होता. मारुती गल्ली, लक्ष्मी गल्ली तर गावोगावी आहेत. टिळकवाडीत असाल तर कितवं रेल्वे गेट आणि गेटच्या कुठल्या बाजूला, दोन्ही लिहा, कारण गेट पडलं की पलीकडं अडकायला होतं. खूण म्हणून दुकानाचं नाव देऊ नका, रात्री शटर खाली असतं आणि बोर्डाचा दिवा बंद असतो. देऊळ, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी, निळं लोखंडी गेट, असं अंधारातही दिसेल ते द्या. लोकेशन घरातून पाठवलं तर जुन्या वस्तीत ते मागच्या बोळात दाखवतं. रस्त्यावर येऊन पाठवा.

एका वेळी एकालाच मेसेज करा. दहा मिनिटांत त्यानं वाचला नाही तर फोन करा, तोही उचलला नाही तरच दुसऱ्याला. आणि तिसरा "यायलोय" म्हणाला की पहिल्या दोघांना लगेच "काम झालं, येऊ नका" लिहा.