मॅन्युअलमधला कोणता इशारा जिवावरचा आहे, हे ऑपरेटरला कळेल असं कसं लिहावं

मशीन शेजारी उभं राहून पाहिलं आहे आणि कामाच्या पायऱ्या लिहून झाल्या आहेत, असं धरून चालते. उदाहरणाला स्क्रू कॉम्प्रेसरचं तेल बदलण्याचं काम घेऊ.

आधी चार शब्द पक्के करा आणि पूर्ण मॅन्युअलमध्ये तेच वापरा. अमेरिकेच्या एएनएसआय झेड ५३५.६ या मानकातली उतरंड सरळ आहे. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे ‘धोका’, लाल रंगात. तशी इजा होऊ शकते, तिथे ‘इशारा’, नारिंगी. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, तिथे ‘सावधान’, पिवळा. माणसाला इजा नाही पण मशीन किंवा माल बिघडेल, तिथे ‘नोंद’, निळा. उद्गारचिन्हाचा त्रिकोण फक्त पहिल्या तिघांना.

खरी अडचण पातळी ठरवताना येते. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला. दोन प्रश्न विचारा, आणि याच क्रमाने. अपघात झालाच, तर पटण्यासारखी वाईटात वाईट इजा कोणती? उत्तर मृत्यू किंवा गंभीर इजा असेल, तरच दुसरा प्रश्न: ती होणारच, की होऊ शकते? ‘आमच्याकडे असं कधी झालं नाही’ हे उत्तर पहिल्या प्रश्नाला चालत नाही. त्या वाक्यावर विसंबून जीवघेणी गोष्ट ‘सावधान’वर उतरवलेली मी बऱ्याच मसुद्यांत पाहिली आहे.

आता कॉम्प्रेसरवर लावून पाहू. पॅनलचा आयसोलेटर बंद केला तरी त्याच्या इनकमिंग टर्मिनलवर ४१५ व्होल्ट असतातच. तिथलं कव्हर काढून हात लावणं म्हणजे ‘धोका’. टाकीत दाब असताना तेलाचं प्लग उघडलं तर गरम तेल तोंडावर उडतं, डोळे जाऊ शकतात, म्हणून ‘इशारा’. नुकत्याच बंद केलेल्या मशीनच्या पाइपला ओझरता हात लागला तर चटका बसतो, म्हणून ‘सावधान’. दोन जातींची तेलं मिसळली तर गाळ धरतो आणि बेअरिंग जातं, म्हणून ‘नोंद’.

वाद होतो तो या शेवटच्यावर. सर्व्हिसवाले म्हणतात, बेअरिंगचा खर्च मोठा आहे, त्याला ‘इशारा’ द्या. ऐकू नका. खर्च कितीही मोठा असला तरी पातळी माणसाच्या इजेवरूनच ठरते. मात्र चुकीच्या तेलाने आग लागण्याइतकं तापमान चढू शकतं का, हे डिझाइन इंजिनीअरला विचारा. उत्तर हो असेल, तर तो मुद्दा वर चढलाच पाहिजे. पैशाच्या नुकसानीला नारिंगी चौकट दिली, की ऑपरेटर नारिंगी चौकटी वाचायचंच सोडतो आणि प्लगचा इशाराही त्यातच बुडतो.

मजकुरात तीन गोष्टी हव्यात: धोका कशाचा, काय होईल, कसं टाळायचं. ‘प्लग उघडताना योग्य ती काळजी घ्यावी’ यात एकही नाही. असं लिहा:

इशारा: दाबाखालचं गरम तेल. प्लग उघडताना तेल उडून चेहरा आणि डोळे भाजू शकतात. टाकीचा गेज शून्यावर आल्याशिवाय प्लग सैल करू नका.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करणं या चौकटीत कोंबू नका. कॉम्प्रेसर सामायिक लाइनला जोडलेला असेल आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल, तर लाइनमधला दाब उलटा टाकीत येतो. म्हणून व्हॉल्व्ह बंद करणं ही स्वतःचा क्रमांक असलेली पायरी हवी. घाईतला माणूस क्रमांकाने काम करतो, चौकट ओलांडून पुढे जातो.

चौकट त्या पायरीच्या आधी, त्याच पानावर. पुढच्या पानावर गेली तर पान मोडा. सुरुवातीच्या सुरक्षा प्रकरणात सगळं एकदा सांगितलं तरी इथे पुन्हा लिहायचंच, कारण तेल बदलणारा थेट हेच पान उघडतो.

शेवटी पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, कारण शॉपफ्लोअरवर तीच फिरते. लाल आणि नारिंगी दोन्ही करडे झालेले दिसतील. ती प्रत ऑपरेटरच्या हातात द्या आणि यातल्या कोणत्या चौकटीत माणूस मरू शकतो, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. तो चाचपडला, तर शब्दाचा टाइप मोठा आणि ठळक करा आणि पुन्हा झेरॉक्स काढून दुसऱ्या ऑपरेटरला विचारा.