मोटरीला रिले की एसएसआर: वायर सोलण्याआधीची यादी

ही यादी हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या एक एचपी सिंगल फेज मोनोब्लॉकसाठी आहे, जी ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून चालू-बंद करायची आहे. यातली एक गोष्ट मागच्या खेपेला राहिली आणि तिनेच घोळ घातला, म्हणून ती इथे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आधी मोटरीवरची पाटी. गंज पुसून अँपिअरचा आकडा वाचा. एक एचपीला साधारण ६ असतो. पण तो मोटर फिरायला लागल्यानंतरचा. सुरू होताना ती क्षणभर पाच-सहा पट ओढते, म्हणजे ३० ते ३६ अँपिअर. व्होल्टेज पडलेलं असेल तर तो क्षण लांबतो. निळ्या रिले मॉड्यूलवर १० अँपिअर छापलेलं असतं, ते बल्ब किंवा हीटरसारख्या लोडसाठी. मोटरीसाठी तो आकडा धरू नका. संपर्क जुळताना थोडा उसळतो, त्याच क्षणी ३० अँपिअरची ठिणगी पडते आणि दोन पत्रे एकमेकांना चिकटतात. मग कोड म्हणतो बंद, मॉड्यूलवरचा दिवा म्हणतो बंद, आणि मोटर चालूच.

म्हणून लोक एसएसआरकडे, म्हणजे सॉलिड स्टेट रिलेकडे वळतात. त्यात पत्रे नाहीत, ठिणगी नाही, आवाज नाही. पण चालू असताना त्याच्यावर सव्वा ते दीड व्होल्ट पडतात. ६ अँपिअरला म्हणजे ८-९ वॅट उष्णता, मोटर चालू असेपर्यंत सतत. पाटीवर २५ किंवा ४० अँपिअर असलं तरी तो आकडा हीट सिंक धरून असतो. हीट सिंकशिवाय चार-पाच अँपिअरच्या पुढे जाऊ नये. आणि सोलापुरात मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात, जिन्याखालच्या बंद डब्यात पन्नाशी सहज. हीट सिंक हवाच, मध्ये पेस्ट हवी, सिंकच्या पात्या उभ्या हव्यात. शिवाय बंद असतानाही एसएसआरमधून काही मिलिअँपिअर गळतात, म्हणजे मोटरीच्या टर्मिनलवर टेस्टर पेटतो आणि हाताला झटकाही बसू शकतो. मोटरीला हात लावण्याआधी एमसीबी पाडायचाच.

आता राहिलेली गोष्ट. एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे चालूच राहतो. रिले चिकटतो तेव्हाही चालूच राहतो. दोन्हींचा शेवट एकच, आणि तुमचा कोड दोन्हींपुढे बिनकामाचा. टाकीतला सेन्सर ईएसपीला सांगतो, ईएसपी रिलेला सांगते, पण रिले ऐकायच्या अवस्थेतच नसतो. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात वरची टाकी रात्रभर वाहिली तर पुढच्या पाळीपर्यंत हौद रिकामा, आणि मोटर कोरडी फिरून सील जळालेलं. म्हणून फ्लोट स्विच ईएसपीच्या पिनवर नाही, वीज तोडणाऱ्या वायरीत. पिनवर नाही, वायरीत.

निवड करताना हेच धरून चला. मोटर दिवसातून एक-दोनदा चालू होते. एसएसआरचा खरा फायदा मिनिटाला अनेकदा चालू-बंद करण्यात, तो इथे वायाच जातो. माझं मत सरळ आहे: मोटरीचा करंट दोघांतही घालू नका. तो घ्या एसी-३, म्हणजे मोटरीसाठीच्या रेटिंगच्या ९ अँपिअर कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोठ्या दणकट रिलेवर, आणि कॉइल चालवायला साधा निळा रिले. कॉइलला अँपिअरचा काही अंशच लागतो, त्यात पत्रे चिकटायचं कारण उरत नाही. कॉइल २४ व्होल्ट डीसीची मागा. न सांगितलं तर दुकानदार २३० ची देतो, काउंटरवरच कॉइलवरचं लेबल वाचा. २४ व्होल्टचा हट्ट यासाठी की फ्लोटची केबल टाकीतल्या पाण्यात लोंबणार आहे. तिची साल फाटली तर २३० पाण्यात उतरतात. २४ व्होल्ट १ अँपिअरचा सप्लाय पुरतो. हा डीसी असल्याने नेहमीचा एसी आउटपुटचा एसएसआर इथे चालतच नाही: तो एकदा लागला की सुटत नाही.

कॉइलची वायर अशी जाते: सप्लायचा प्लस, मग ओव्हरलोड रिलेचे ९५-९६, जे मोटरीने जास्त करंट ओढला की उघडतात, मग वरच्या टाकीचा फ्लोट, मग हौदाचा फ्लोट, मग रिलेचा कॉमन आणि एनओ, मग कॉइलचा ए१. ए२ वरून मायनसला परत. ए१-ए२ वर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू ए१ कडे. तो विसरलात तर मोटर बंद करताना ईएसपी रीसेट होऊ शकते. वरचा फ्लोट टाकी भरल्यावर उघडला पाहिजे, हौदाचा पाणी संपल्यावर. फ्लोटच्या तीन वायरींच्या रंगांवर विश्वास नको, मल्टिमीटर बीपवर ठेवून फ्लोट हाताने उलटासुलटा करा आणि ठरवा. आता निळा रिले चिकटला तरी टाकी भरताच कॉइल सुटणार. हेच तर हवं होतं.

ओव्हरलोड पाटीवरच्या अँपिअरवर लावा. तो तीन फेजसाठी बनलेला असतो, एकाच पोलातून करंट गेला तर उगाच ट्रिप होतो. फेज दोन पोलांतून एकापाठोपाठ, न्यूट्रल तिसऱ्यातून, म्हणजे तिन्ही पट्ट्या सारख्या तापतात.

रिले मॉड्यूल हाय-लो जंपरवालं घ्या, जंपर हायवर, आणि रिले ज्या पिनवर आहे त्या पिन २६ पासून ग्राउंडला १० किलोओहम. नाहीतर लाइट येते-जाते तेव्हा ईएसपी बूट होताना पिन तरंगते आणि रिले टकटक करतो.

कॉन्टॅक्टरबरोबरच जुळणारे-सुटणारे त्याचे १३-१४ हे छोटे संपर्क ईएसपीच्या दुसऱ्या पिनला. रिले चालू असताना हे उघडले, तर फ्लोटने किंवा ओव्हरलोडने तोडलंय. तेव्हा कोडने रिलेही बंद करायचा, नाहीतर पाणी बोटभर उतरताच मोटर परत सुरू. उलट रिले बंद आणि १३-१४ जुळलेलेच, म्हणजे रिले तरी चिकटला किंवा कॉन्टॅक्टर तरी, बझर वाजवा.

अर्थिंग, एमसीबी, ३० मिलिअँपिअर आरसीसीबी: हे सांगायला नको. डब्याला खाली भोक, पालींसाठी जाळी.

शेवटी चाचणी. रिलेचा कॉमन आणि एनओ वायरीने थेट जोडा, म्हणजे रिले चिकटल्याचं सोंग. मोटर सुरू होईल. गच्चीवर कुणाला तरी पाठवून फ्लोट हाताने उचलायला सांगा. खट्ट करून कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. मग हौदाचा फ्लोट खाली सोडून तेच. सुटला नाही तर फ्लोट अजून वायरीत नाही, पिनवरच आहे. वायर तपासा. झाल्यावर जोडलेली वायर काढा, ती हमखास तशीच राहून जाते.