एकाच हिऱ्याला दोन लॅबमध्ये दोन ग्रेड का मिळतात, आणि रिपोर्टची तुलना कशी करावी

दिवाळीच्या आधी पुण्याचं एक दांपत्य माझ्याकडे दोन रिपोर्ट घेऊन आलं. दोन्ही नैसर्गिक गोल हिरे. पहिला १.०१ कॅरेट, रंग एफ, शुद्धता व्हीएस१, किंमत साडेचार लाख. दुसरा १.०० कॅरेट, रंग जी, शुद्धता व्हीएस२, किंमत चार लाख सत्तर हजार. दुसऱ्याचा रिपोर्ट जीआयए या हिरे तपासून ग्रेड देणाऱ्या अमेरिकी लॅबचा होता, पहिल्याचा दुसऱ्या एका लॅबचा. "रंग वरचा, शुद्धता वरची, वजनही जास्त, तरी वीस हजारांनी स्वस्त. मग विचार कसला करायचा?" असा त्यांचा प्रश्न होता. विचार करण्यासारखं बरंच होतं. या दोन हिऱ्यांच्याच आधारे तुलना कशी करायची ते सांगतो.

ग्रेड म्हणजे वजनासारखं माप नाही

वजन काट्यावर ठरतं. रंग आणि शुद्धता माणसाची नजर ठरवते. बिनरंगी डी ते पिवळसर झेड ही रंगाची पट्टी आणि व्हीएस१, व्हीएस२, एसआय१ अशा उतरत जाणाऱ्या शुद्धतेच्या आजच्या पायऱ्या जीआयएने १९५० च्या दशकात रूढ केल्या आणि पुढे जगभरच्या लॅबनी तीच अक्षरं वापरायला घेतली. पण अक्षरं सारखी असली म्हणून मोजपट्टी सारखी असेलच असं नाही.

रंग पाहताना हिरा पालथा ठेवतात, म्हणजे टेबल हा वरचा सपाट पैलू खाली आणि टोक वर, आणि बाजूने बघतात. शेजारी मास्टर स्टोन असतात. हे रंग आधीच ठरवून ठेवलेले नमुन्याचे हिरे. पिवळसर झाक मात्र हळूहळू वाढत जाते, तिला पायऱ्या नसतात. पायऱ्या आपण आखतो. जी आणि एच यांच्या अगदी सीमेवरचा हिरा एका परीक्षकाला जी वाटेल, दुसऱ्याला एच. म्हणून चांगल्या लॅबमध्ये एकाहून जास्त परीक्षक एकमेकांचं मत न पाहता ग्रेड देतात. एवढं करूनही तोच हिरा त्याच लॅबमध्ये पुन्हा दिला तर कधी कधी एका पायरीचा फरक पडतो. त्यात लबाडी नसते, सीमेवरच्या दगडाचा तो स्वभावच आहे.

फ्लुरोसन्समुळे यात आणखी भर पडते. काही हिरे अतिनील प्रकाशात निळे चमकतात, आणि हा निळेपणा पिवळ्या झाकेला थोडा मारतो. परीक्षणाच्या दिव्यात अतिनील किरण किती आहेत यावर अशा हिऱ्याचा रंग एखाद्या पायरीने वर-खाली दिसू शकतो. रिपोर्टवर फ्लुरोसन्स 'स्ट्राँग' असेल तर दोन लॅबच्या रंगांची तुलना जास्त सावधपणे करा.

शुद्धतेचंही असंच आहे. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली डाग किती मोठा, कुठे, किती ठळक आणि कसला आहे हे पाहून ठरवायचं. टेबलाच्या मधोमध असलेला काळा कण आणि कडेला लपलेला पांढरा कण आकाराने सारखे असले तरी ग्रेडवर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. किती कमी-जास्त धरायचं यात लॅबा एकमेकींपासून वेगळ्या पडतात.

एक पायरी आणि तीन पायऱ्या यांत फरक आहे

एका पायरीचा फरक प्रामाणिक मतभेद धरावा. एकच लॅब सातत्याने दोन-तीन पायऱ्या वर देत असेल तर तिची मोजपट्टीच सैल आहे. व्यापारात हे सगळ्यांना माहीत असतं आणि किमतीत ते आधीच धरलेलं असतं. ऑक्टोबर २०१४ पासून रॅपनेट या हिऱ्यांच्या मोठ्या व्यापारी मंचाने ईजीएल नावाने चालणाऱ्या लॅबच्या रिपोर्टची नोंदणी बंद केली, ती याच वादातून. जीआयएचे शब्द वापरायचे आणि मोजपट्टी सैल ठेवायची, हा रॅपनेटचा आक्षेप होता.

ग्राहकाच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की हिरा कोणत्या लॅबकडे पाठवायचा हे विकणारा ठरवतो. त्याला आपला माल माहीत असतो. कडक लॅबमध्ये हिरा एच येणार असं दिसलं की तो जिथे एफ मिळेल तिथे पाठवतो. सीमेवरचा हिरा वरची ग्रेड मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा देणारेही आहेत. त्यामुळे सैल लॅबच्या कागदावर येणाऱ्या हिऱ्यांत मुळातच कमजोर माल जास्त असतो. "त्या लॅबची ग्रेड एक पायरी खाली धरा" असं ठोक सूत्र म्हणूनच चालत नाही. दगड बघावा लागतो.

पहिली पायरी: दोन्ही कागद एकाच जातीचे आहेत का

तुलना सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघा. दोन्ही हिरे नैसर्गिक आहेत की एखादा लॅबग्रोन, म्हणजे माणसाने प्रयोगशाळेत वाढवलेला? लॅबग्रोनची बाजारपेठ आणि किंमत पूर्ण वेगळी आहे. जीआयएने तर २०२५ मध्ये लॅबग्रोन हिऱ्यांसाठी नेहमीची रंग-शुद्धतेची अक्षरं सोडून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशी साधी विभागणी सुरू केली.

दुसरं, रिपोर्ट सुट्या हिऱ्याचा आहे की दागिन्याचा? आपल्याकडे मंगळसूत्र, अंगठी, कुड्या यांबरोबर बहुतेक वेळा दागिन्याचा रिपोर्ट मिळतो. त्यात रंग 'जी-एच' असा पट्ट्यात लिहिलेला असतो, कारण बसवलेला हिरा सोन्याची छटा घेतो आणि त्याला धरून ठेवणाऱ्या काट्यांखालचे डाग दिसत नाहीत. हा कागद सुट्या हिऱ्याच्या रिपोर्टशेजारी ठेवून तुलना करू नका. आणि हॉलमार्क हा सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याच्या ग्रेडशी त्याचा काही संबंध नाही.

तिसरं, तारीख. जुन्या रिपोर्टनंतर हिऱ्याला ओरखडा पडलेला असू शकतो, कधी तो पुन्हा पॉलिश केलेला असतो. अशा वेळी जुना कागद आजच्या दगडाचा राहत नाही.

दुसरी पायरी: कागद याच दगडाचा आहे का

रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाका आणि तिथली माहिती हातातल्या कागदाशी ताडून पाहा. मग विकणाऱ्याला सांगून भिंगाखाली हिऱ्याची कड, म्हणजे गर्डल, पाहा. बऱ्याच हिऱ्यांवर लेसरने तोच नंबर कोरलेला असतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड साधारण अडीच सेंटिमीटरवर आणायचा. हात थरथरत असेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवा. नंबर कोरलेला नसेल तर वजन आणि मिलिमीटरमधली मापं जुळवा. कागदावर डागांचा नकाशा असेल तर त्यातला मोठा डाग दगडात शोधा.

तिसरी पायरी: शेजारी ठेवून बघा

पुण्याच्या दांपत्याच्या बाबतीत निकाल इथेच लागला. जाड पांढरा कोरा कागद घडी घालून पन्हाळीसारखा केला. दोन्ही हिरे त्यात पालथे, शेजारी शेजारी, पण एकमेकांना टेकणार नाहीत असे ठेवले. खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या जागी. मग बाजूने पाहिलं. 'एफ' लिहिलेला हिरा जीआयएच्या 'जी'पेक्षा पिवळसर दिसत होता. मी त्यांना लगेच मत देऊ दिलं नाही. दोन्ही हिऱ्यांच्या जागा बदलल्या. एकसारखे दोन दगडही डावीकडे-उजवीकडे ठेवल्यावर डोळ्याला वेगळे वाटू शकतात, म्हणून हा अदलाबदल करायचाच. जागा बदलूनही तोच हिरा पिवळसर राहिला. म्हणजे जीआयएच्या पट्टीवर तो एच किंवा त्याखालचा असणार.

भिंगाखाली त्याच हिऱ्याच्या टेबलाखाली एक गडद कण पहिल्या नजरेत दिसला. व्हीएस१ मध्ये डाग शोधायला डोळ्यांना कष्ट पडावे लागतात. हा तर समोर येऊन उभा होता.

ओळखीचा, कडक लॅबचा रिपोर्ट असलेला एक हिरा शेजारी असला की ही चाचणी कोणालाही करता येते. अचूक ग्रेड सांगता येणार नाही, पण 'हा त्याच्यापेक्षा वरचा नाही' एवढं नक्की कळतं. तेवढं पुरतं.

चौथी पायरी: कटचे शब्द नको, कोन वाचा

कट म्हणजे पैलू किती चांगले पाडलेत ते, आणि त्यासाठीचा 'एक्सलंट' हा शब्द दोन लॅबमध्ये एकाच मर्यादेत बसत नाही. गोल हिऱ्यासाठी कटची ग्रेड जीआयए २००६ पासून देते आणि तिची एक्सलंटची कक्षा बऱ्यापैकी रुंद आहे. म्हणून आकडे बघा. पण इथेही एक गोष्ट लक्षात ठेवा. जीआयए वरच्या भागाचा कोन अर्ध्या अंशापर्यंत आणि खालच्या भागाचा ०.२ अंशापर्यंत जवळच्या आकड्यावर नेऊन छापते. दुसऱ्या लॅबच्या कागदावर ३४.६ आणि ४०.९ असेल आणि जीआयएच्या कागदावर ३४.५ आणि ४०.८, तर ते दोन्ही कागद एकाच हिऱ्याचे असू शकतात. एवढ्या फरकावरून 'वेगळा हिरा' किंवा 'चुकीचं माप' असा निष्कर्ष काढू नका.

पाचवी पायरी: किंमत एकाच पट्टीवर आणा

संशय असेल तर सौदा ठरवण्याआधी विकणाऱ्याला सांगा: हिरा माझ्या पसंतीच्या लॅबकडे पाठवा, खर्च कोणी करायचा ते आधी ठरवू, आणि ग्रेड खाली आली तर किंमत त्याप्रमाणे. लेखी घ्या. मुंबईत मोठ्या लॅबच्या शाखा आहेत, त्यामुळे यात आडकाठी फारशी नसते. नकार मिळाला तर त्या नकाराचाही अर्थ समजून घ्या.

या विक्रेत्याने हिरा पाठवला. जीआयएकडून रंग एच, शुद्धता एसआय१ असा निकाल आला. रंगात दोन पायऱ्या, शुद्धतेतही दोन पायऱ्या खाली. मग आम्ही बाजारात एच-एसआय१ चे, जीआयए रिपोर्ट असलेले, त्याच वजनाचे तीन हिरे कितीला मिळतात ते विचारलं. त्या आठवड्यात आम्हाला सांगितलेले भाव साडेतीन लाखांच्या आसपास होते. म्हणजे वीस हजारांनी स्वस्त वाटणारा हिरा आपल्या खऱ्या ग्रेडच्या भावापेक्षा सुमारे एक लाखाने महाग होता.

जीआयएचा कागद आहे म्हणून दुसरा हिरा डोळे मिटून घ्या, असंही मी त्यांना सांगितलं नाही. तोही पालथा ठेवून, भिंगाखाली फिरवून पाहिला. फ्लुरोसन्स नाही, डाग कडेला, कोन चांगले. त्यांनी तो घेतला.