जोडीदाराने अबोला धरला? या चुका टाळा

मराठीत रुसवा काढतात आणि अबोला सोडतात. रुसलेल्या माणसाला कोणीतरी मनवायला यावं असं वाटत असतं, म्हणून तो दुसऱ्याला काढता येतो. अबोला मात्र ज्याने धरला त्यालाच सोडावा लागतो. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी निम्मी जोडपी या दोन क्रियापदांत गल्लत करून आलेली असतात. एक जण अबोल्याला रुसवा समजून काढायला धावतो आणि जितका धावतो तितकं समोरचं दार घट्ट होतं.

पहिली चूक: गप्प झालेल्याच्या मागे मागे फिरणं

भांडुपचं एक जोडपं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वन-बीएचके घर, हॉलमध्ये सासूबाई, सात वर्षांची मुलगी. नवऱ्याने बायकोला न सांगता भावाला ४० हजार रुपये दिले आणि तिला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. तो रात्री साडेनऊला घरी आला, बूट काढतोय तोच तिने विचारलं. तो म्हणाला, "नंतर बोलू." ती म्हणाली, "नंतर म्हणजे कधी?" तो स्वयंपाकघरात गेला, ती मागून गेली. तो बेडरूममध्ये गेला, ती तिथेही गेली. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला पोहोचेपर्यंत तिचे अकरा मेसेज गेले होते. सगळ्यांवर निळ्या टिका, उत्तर एकालाही नाही. असे चार दिवस गेले.

तिचं म्हणणं होतं, "मी माणूस आहे की भिंत?" त्याला मी एकट्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कानात नुसती घरघर होत होती. ती बोलतेय हे ऐकू येत होतं, काय बोलतेय ते कळत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर घाणच बाहेर आली असती." त्याचे वडील आवाज चढवणारे होते. लहानपणी गप्प राहिलं की निभावायचं, हे तो तेव्हाच शिकला होता.

त्याची घरघर खोटी नव्हती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, हृदयाचे ठोके मोजत भांडू दिलं. ठोके मिनिटाला साधारण १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकून समजून घेणं जमत नाही. अशा वेळी काही जण दगडासारखे होतात, आणि त्यांच्या पाहणीत त्यात पुरुष बरेच जास्त होते. बाहेरून थंड दिसणारा माणूस आतून पळत असतो. एका प्रयोगात त्यांनी यंत्र बिघडल्याचं सांगून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं चाळायला दिली. नंतर ठोके खाली आले होते आणि तोच विषय बराच शांतपणे बोलला गेला. शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात. भांडुपच्या घरात त्याला ती कधी मिळालीच नाहीत.

म्हणून मागे जायचं नाही. पण "नंतर" हा शब्द मोकळाही सोडायचा नाही, त्याला वेळ बांधायची. आम्ही तिच्यासाठी एकच मेसेज ठरवला: "मला ४० हजारांबद्दल बोलायचंय. आज नाही. उद्या जेवण झाल्यावर खाली जाऊ, अर्धा तास. फक्त हो की नाही सांग." त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत त्या विषयावर एकही मेसेज नाही. तिला हे फार जड गेलं आणि ते साहजिक आहे. गप्प माणसाच्या शेजारी वाट पाहणाऱ्याचेही ठोके वाढलेलेच असतात. त्या वेळात तिने बहिणीशी फोनवर बोलावं असं ठरलं, पण नवऱ्याबद्दल नाही.

त्याच्यासाठीही अट होती. थांबायचं असेल तर थांबणाऱ्यानेच परत यायची वेळ सांगायची: "आत्ता जमत नाहीये, दहा वाजता बोलतो." वेळ न सांगता उठून जाणं याला विश्रांती म्हणत नाहीत. आणि त्या २० मिनिटांत मनातल्या मनात उत्तरं घासत बसायचं नाही, नाहीतर ठोके तिथेच राहतात. सोसायटीच्या फाटकापर्यंत दोन फेऱ्या बऱ्या. लोकलचा प्रवास यात धरू नका. संध्याकाळच्या गर्दीत कोणाचे ठोके खाली आलेत?

बोलणं खाली चालत चालत का, तर घरात सासूबाईंचे कान होते आणि शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. गप्प राहणाऱ्याला ते सोपं जातं. पहिल्या वेळी तो दहाव्या मिनिटाला थांबला. परत आला तो सांगितलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिराने, पण आला.

दुसरी चूक: पोरांच्या हाती निरोप

"बाबांना विचार, पोळी वाढू का?" हे त्या घरात चार दिवस चाललं. मुलगी टपालवाली झाली आणि शाळेतून आली की आधी दोघांचे चेहरे वाचू लागली. पोळी, पाणी, गॅस सिलिंडर एवढं तरी थेट बोलायचं. इथे आणखी काही सांगायला नको.

तिसरी चूक: प्रत्येक अबोला असाच असतो असं समजणं

वरचं सगळं गांगरून गप्प झालेल्या माणसासाठी आहे. शिक्षा म्हणून धरलेला अबोला वेगळा असतो. तो माणूस तुमच्यासमोर मित्रांशी फोनवर खळखळून हसतो आणि तुम्ही काही विचारलं की मख्ख होतो. अबोला आठवडेच्या आठवडे चालतो आणि तुम्ही माफी मागताच त्या क्षणी सुटतो, चूक काय होती हे न सांगता. तुम्ही माहेरी जाऊन आलात, नोकरीचा विषय काढलात, की दर वेळी तो पुन्हा लागतो. कधी बोलण्याबरोबर घरखर्चाचे पैसेही बंद होतात. थोडक्यात, गांगरलेल्याला जागा दिली तर तो परत येतो. शिक्षा देणारा तुम्ही वाकेपर्यंत थांबतो.

इथे घर शांत राहावं म्हणून न केलेल्या चुकीची माफी मागू नका. एकदाच सांगा, "तू बोलशील तेव्हा मी ऐकेन," आणि आपलं जेवण, काम, मैत्रिणी चालू ठेवा. हे कोणातरी विश्वासाच्या माणसाच्या कानावर घाला. पैसे अडवणं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळात मोडतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरात छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं 'दिलासा' हे केंद्र आहे. भीती वाटत असेल तर जोडीने समुपदेशनाला येऊ नका, आधी एकटीने या. जोडीने बसल्यावर खोलीत बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते.

चौथी चूक: "भाजी काय आणू?"

भांडुपचा पहिला अबोला पाचव्या दिवशी सुटला होता तो असाच. त्याने स्टेशनवरून फोन केला, "भाजी काय आणू?" ती म्हणाली, "भेंडी." सगळ्यांना हायसं वाटलं आणि ४० हजार तसेच राहिले. पुढच्या महिन्यात दिरांचा फोन आला तेव्हा ते पुन्हा निघाले, या वेळी अबोला नऊ दिवसांचा होता, आणि मग ती दोघं माझ्याकडे आली. भेंडी आणावी, त्यात वाईट काही नाही. पण त्याच आठवड्यात मूळ विषय चालत चालत काढायचा. त्यांनी तो तीन फेऱ्यांत संपवला. पाच हजारांच्या वर कोणालाही द्यायचे असतील तर देण्याआधी सांगायचं, असं ठरलं, आणि दिराला फोन त्यानेच करायचा.