विणीचा गुलाब: आऱ्यांमधून कापड दिसू नये म्हणून

भरतकामात ब्लाउजच्या बाहीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर विणून केलेला गुलाब सोपा असतो, असं सगळेच सांगतात. गुलाब होतोही पटकन. पण त्याच्या कडेने कापड डोकावतं आणि आऱ्यांची, म्हणजे ज्या सरळ टाक्यांवर गुलाब विणतात त्यांची, टोकं काड्यांसारखी बाहेर येतात, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

कापड रिंगमध्ये ढोलासारखं ताणून घ्या. त्यावर साधारण २ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा आणि मधोमध टिंब द्या.

आता आरे. ते विषमच हवेत, या मापाला ५. माझा पहिला गुलाब मी ६ आऱ्यांवर विणला होता, कारण ६ भाग पाडायला सोपे. दोरा एकावरून, एकाखालून असा जातो. आरे सम असले की दुसऱ्या फेरीतही तो त्याच आऱ्यावरून आणि त्याच आऱ्याखालून जातो. मग तीन आरे शेवटपर्यंत उघडेच राहतात. विषम असले की प्रत्येक फेरीत वरचा दोरा आपोआप खाली जातो.

पाच समान भाग अंदाजाने पाडू नका. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा आणि ०, १२, २४, ३६ आणि ४८ मिनिटांच्या जागी खुणा करा. दोन आऱ्यांमधलं एक अंतर जरी मोठं झालं, तरी तिथली पाकळी ताणली जाते आणि शेजारची चेपते. हा दोष विणताना लपवता येत नाही.

आऱ्यांसाठी गुलाबाच्याच रंगाच्या सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घ्या. कडेच्या खुणेतून सुई वर काढा, मधल्या टिंबात खाली घाला. असं पाच वेळा. आरे कडक हवेत. सैल आरा पहिल्याच ओढीला सरकतो आणि मोजून केलेल्या खुणा वाया जातात. पाचही झाले की मागे गाठ मारून दोरा तोडा.

विणीसाठी सहाही पदर लागतात. एका गुलाबाला पाऊण मीटर दोरा घ्या, म्हणजे मध्येच संपत नाही. सहा पदर एकेक करून सुटे करा आणि पुन्हा एकत्र ओवा. लडीतून निघालेला दोरा पिळलेला, बारीक असतो. सुटा करून घेतलेला फुगतो आणि जागा जास्त भरतो. केंद्राच्या अगदी जवळ, दोन आऱ्यांच्या मधून सुई वर काढा. इथून पुढे कापडात सुई टोचायची नाही. मी सुई उलटी धरून नेढ्याकडून सरकवते, म्हणजे टोकाने आऱ्याचे पदर फाटत नाहीत.

खरी गोम ओढीत आहे, आणि मी तीच वर्षभर चुकवत होते. "दोरा घट्ट ओढा, गुलाब सुबक येतो" हा सल्ला मलाही मिळाला होता. पहिल्या दोन फेऱ्यांपुरता तो बरोबर आहे, कारण मधलं भोक तिथेच झाकायचं असतं. पुढे मात्र तोच सल्ला गुलाब बिघडवतो. घट्ट दोरा एका आऱ्यावरून दुसऱ्यावर सरळ रेषेत जातो, त्यामुळे गुलाबाचा गोल न होता पंचकोन होतो. २ सेंमीच्या वर्तुळात त्या पंचकोनाची बाजू मध्यावर कडेपासून जवळजवळ २ मिमी आत येते. तेवढ्या पट्टीत कापड दिसतं, शिवाय पेन्सिलची रेघही.

म्हणून तिसऱ्या फेरीपासून दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा. आऱ्याखालून काढल्यावर तो किंचित कमान करून उभा राहिला पाहिजे. ती कमान म्हणजेच पाकळी. नखाने ती केंद्राकडे दाबत बसू नका. दर दोन फेऱ्यांनी सुई मोकळी लोंबू द्या, म्हणजे दोऱ्याला चढलेला पीळ उतरतो. पिळलेला दोरा पुन्हा बारीक होतो आणि फट पडते.

बहुतेक जणी आऱ्यांची टोकं झाकली जाण्याआधीच थांबतात. गुलाब भरला असं वाटलं की आणखी दोन फेऱ्या घाला. माझ्या हाताला सात-आठ फेऱ्या लागतात, तुमचा हात घट्ट असेल तर जास्त लागतील. शेवटच्या फेरीत जिथे टोक दिसत असेल, तिथला दोरा आणखी सैल सोडा. तो स्वतःच टोकावर पडतो.

शेवटी सुई एका पाकळीखालून कापडाच्या मागे न्या आणि दोरा पक्का करा.

४ सेंमीचा गुलाब हवा असेल तर ५ आऱ्यांचा हट्ट सोडा आणि ७ घ्या. तिथे ५ आऱ्यांची टोकं एकमेकांपासून सव्वादोन सेंमीहून लांब पडतात आणि एवढ्या लांब कमानी धुण्यात लोंबतात. आत गडद, बाहेर फिकट असे दोन रंग वापरायचे असतील तर रंग तिसऱ्या फेरीनंतर बदला आणि दोऱ्याचं टोक आऱ्याखाली लपवा.