प्रतीत्यसमुत्पाद शिकताय? भांडणापासून उलटे चला

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे एका गोष्टीच्या आधाराने दुसरी कशी उभी राहते हे सांगणारी बुद्धांची शिकवण. तिच्या साखळीतल्या बारा कड्या, म्हणजे बारा निदानं, पाठ करून ठेवली असतील तर सध्या बाजूला ठेवा. आधी दीघनिकाय या पाली सुत्तसंग्रहातलं महानिदान सुत्त वाचा. हा विषय मला सोपा वाटतो असं बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो आणि बुद्ध त्याला तिथेच थांबवतात: असं म्हणू नकोस, हे खोल आहे. मलाही हे अजून जड जातं, त्यामुळे पहिल्या वाचनात डोकं गरगरलं तर काळजी करू नका.

याच सुत्तात तृष्णेपासून एक आडवी फांदी फुटते. ती थेट भांडणापर्यंत जाते आणि आमच्या इंदूरच्या कॉलनीतही दिसते. मे महिन्यात कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीत बसलं की गार वाटतं. ही सुखद वेदना; इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे, सुखाचा किंवा दुःखाचा कुठलाही अनुभव. उद्याही तीच सावली हवी, ही तृष्णा. मग जागा शोधणं, ती मिळणं, 'ही आपल्याला बरी' असं ठरवणं. मग ओढ, मग जीव अडकणं, मग 'माझी जागा', मग दुसऱ्याने गाडी लावली की पोटात दुखणं. शेवटी जागा राखायला कुंड्या येतात आणि एका संध्याकाळी "काका, कुंडी कुणी हलवली?" यावरून आवाज चढतात. सुत्तात इथे काठ्या आणि शस्त्रंही येतात.

आता सापळा. ही साखळी वरून खाली वाचली की वाटतं, गार वाटलं म्हणजे भांडण होणारच. तसं सुत्त म्हणत नाही. बुद्ध खालून वर विचारतात: कुणीच, कशाचंच, कुठेच राखण केलं नाही, तर राखणीपायी होणारी भांडणं दिसतील का? आनंद म्हणतो, नाही. म्हणजे राखण ही भांडणाची अट आहे. अट नसेल तर पुढचं होत नाही, पण अट असली म्हणजे पुढचं घडेलच असं नाही. गल्लीत कुंड्या ठेवूनही न भांडणारी माणसं आहेतच. अर्हताला, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्या माणसाला, तर सुखद वेदना होते आणि तृष्णा होत नाही. कडी अटळ असती तर मुक्ती शक्यच नव्हती.

आपण चुकतोय हे कसं ओळखायचं? तुमच्या वाक्यात 'म्हणून झालंच' आलं की थांबा आणि तेच वाक्य 'हे नसतं तर?' असं फिरवून बघा. आणि गार वाटणं दाबायला जाऊ नका. वेदना हा दोष नाही, पहारा तिच्या पुढच्या पायरीवर, तृष्णेवर हवा.

बारा कड्यांच्या चक्राचं चित्र भिंतीवर लावून एका बैठकीत सगळं उरकणाऱ्या शिक्षकांपासून मी लांब राहतो. उलटा प्रश्न विचारायला लावणारा एक माणूस मिळाला तरी पुष्कळ आहे.

पुढे बारा कड्यांकडे वळाल तेव्हा महानिदानात अविद्या, संस्कार आणि षडायतन, म्हणजे मनासह सहा इंद्रियं, या कड्या सापडणार नाहीत. पान गाळलंय असं समजू नका. तिथे शोध विज्ञान म्हणजे जाणीव आणि नामरूप म्हणजे मन-शरीर यांच्यापाशी येऊन थांबतो, कारण ती दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी आहेत.