जूनची कमाई पुढच्या मेपर्यंत पुरवायची कशी? स्टेशनरी दुकानदाराचं महिन्याचं बजेट

शालेय साहित्याच्या दुकानात जून महिना बाकीच्या वर्षापेक्षा अगदी वेगळा असतो. शाळा उघडल्या की वह्या, दप्तरं, कव्हरं यांना उसंत नसते आणि एप्रिल-मेमध्ये दिवसभरात दोन पेनंही विकली जात नाहीत. घराचं भाडं आणि किराणा मात्र बाराही महिने तेवढाच लागतो. यावर एक उपाय आहे: दुकानानं मालकाला दर महिन्याला ठरावीक पगार द्यायचा. तो पगार किती असावा, हे काढणं हेच खरं काम आहे. एका तालुक्याच्या गावातल्या दुकानाचे नमुन्याचे आकडे घेऊन ते करून पाहू.

आधी गल्ल्यातलं आपलं किती, ते काढा

इथेच बहुतेकांचं चुकतं. गल्ल्यात आलेली रक्कम ही कमाई नव्हे, तिच्यातला मोठा भाग मालाचा असतो. वर्षभराची विक्री 22 लाख धरू. घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलांप्रमाणे खरेदी 18 लाखांची झाली. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात 2 लाख 10 हजारांचा माल होता, 31 मार्चला मोजला तेव्हा 2 लाख 50 हजारांचा निघाला. म्हणजे 40 हजारांचा माल शिल्लक वाढला आणि विकला गेलेला माल खरेदीच्या भावानं 17 लाख 60 हजारांचा. विक्रीच्या शंभर रुपयांतले 80 मालाचे, 20 आपले.

या 20 मधूनही दुकानाचं भाडं, वीज, मदतनिसाचे पैसे जायचे आहेत. ते वर्षाला 1 लाख 16 हजार. 4 लाख 40 हजारांतून ते वजा केले की घरासाठी 3 लाख 24 हजार उरतात.

रोज दुकान बंद करताना रोजमेळात विक्री लिहा आणि तिचे 80 टक्के मालासाठी बाजूला काढा. हे पैसे मे महिन्यात व्यापाऱ्याकडून माल उचलताना लागतात. ते घरात गेले की पुढचा हंगाम उधारीवर काढावा लागतो, आणि उधारीच्या मालाला भाव बहुधा चढाच लागतो. जीएसटी भरत असाल, तर गिऱ्हाइकाकडून घेतलेला करही कमाईत धरू नका.

बारा महिने ओळीनं मांडा

मागच्या वर्षीचा रोजमेळ उघडून प्रत्येक महिन्याची उरलेली कमाई लिहा. आपल्या दुकानाची, हजारांत, अशी येते: एप्रिल 14, मे 12, जून 78, जुलै 46, ऑगस्ट 24, सप्टेंबर 22, ऑक्टोबर 26, नोव्हेंबर 20, डिसेंबर 18, जानेवारी 20, फेब्रुवारी 24, मार्च 20. बेरीज 324, सरासरी 27.

उधारी विकल्या दिवशी धरू नका, वसूल झाल्या दिवशी धरा. शाळेला वह्यांचे गठ्ठे जूनमध्ये दिले आणि पैसे सप्टेंबरात आले, तर बजेटच्या मांडणीत ती सप्टेंबरची कमाई.

पगार सरासरीपेक्षा थोडा कमी ठेवा

पूर्ण 27 हजार घेतले, तर वर्षातून एकदा येणारे खर्च कुठून करणार? म्हणून साधारण दहा टक्के कमी, 24 हजार. दर महिन्याच्या 1 तारखेला, एकाच वेळी, ही रक्कम दुकानाच्या खात्यातून घरच्या बचत खात्यात टाका. यूपीआयचा क्यूआर कोड दुकानाच्या खात्यालाच जोडलेला असावा. गिऱ्हाइकाचे पैसे थेट घरच्या खात्यात येऊ लागले की ही मांडणी महिनाभरही टिकत नाही.

घरचे 24 हजार असे बसतात: भाडं 6,000, किराणा आणि गॅस 8,000, दूध-भाजी 3,500, वीज आणि मोबाइल 1,500, मुलांची शिकवणी आणि रिक्षा 2,000, औषधं आणि प्रवास 1,500, किरकोळ 1,500.

आता खड्डा मोजा

जून ते ऑगस्टमध्ये कमाई 1 लाख 48 हजार आणि पगार 72 हजार, म्हणजे 76 हजार वरचे राहतात. सप्टेंबरपासून मात्र पगार बहुतेक महिन्यांत कमाईपेक्षा जास्त आहे. सप्टेंबरात 2 हजार कमी पडतात, ऑक्टोबर ते भरून काढतो, पुढे तूट साचत जाते: डिसेंबरअखेर 10 हजार, मार्चअखेर 18, एप्रिलअखेर 28, मेअखेर 40. त्या 76 हजारांपैकी 40 हजारांना ही तूट भरण्याशिवाय पुढच्या जूनपर्यंत हात लावायचा नाही. त्यासाठी वेगळं खातं उघडलेलं बरं, कारण ऑगस्टात दुकानाच्या खात्यात दिसणारी भरघोस शिल्लक पाहूनच फ्रिज घ्यायची इच्छा होते.

उरलेल्या 36 हजारांत शाळेची फी 12,000, आरोग्य विम्याचा हप्ता 10,000 आणि दिवाळी 6,000 बसते. राहिलेले 8,000 अडीअडचणीसाठी. ही रक्कम कमी आहे हे खरं. मोठं आजारपण आलं तर ती पुरणार नाही, म्हणून विम्याचा हप्ता सगळ्यात आधी भरावा असं माझं मत आहे.

ऑगस्टअखेर एकदा तपासा

त्या दिवशी खड्ड्याच्या खात्यात 40 हजारांऐवजी 31 हजारच असतील, तर हंगाम 9 हजारांनी कमी झाला आहे. पुढचे महिने नऊ, म्हणून सप्टेंबरपासून पगार 23 हजार करा. हजार रुपयांची काटकसर नऊ महिने झेपते, तीच 9 हजारांची तूट एप्रिल-मेमध्ये एकदम समोर आली तर झेपत नाही.

आकडे जुळत असूनही पैसे कमी पडत असतील, तर बहुतेक वेळा कारण घरातच सापडतं. भाजीला गल्ल्यातून काढलेले दोनशे, भाच्याला दिलेलं कंपास, घरच्या मुलांच्या वह्या. यात गैर काही नाही, पण रोजमेळात ‘घरउचल’ म्हणून त्याच दिवशी लिहा, वस्तू असेल तर खरेदीच्या किमतीनं, आणि पुढच्या पगारातून वजा करा. महिन्याची घरउचल अडीच-तीन हजारांवर जात असेल, तर मांडलेला घरखर्च खरा नव्हता. तो पुन्हा मांडा.

हंगामाआधीच सुरुवात करायची असेल तर

समजा तुम्ही हे नोव्हेंबरात वाचताय आणि हाताशी काहीच साठा नाही. मग 24 हजारांचा पगार परवडणार नाही. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांची कमाई 1 लाख 28 हजार, म्हणून महिन्याला 18 हजार घ्या. आपल्या उदाहरणात त्यातून कोणत्याही महिन्यात खातं रिकामं होत नाही आणि मेअखेर 2 हजार उरतात. 24 हजारांचा पगार जूनपासून सुरू होईल. तोवरचे 6 हजार किराणा, शिकवणी, किरकोळ यांतूनच कमी करावे लागतील, कारण भाडं आणि वीज कमी होत नाही.

घरून भाषांतर किंवा डिझाइनचं काम करणाऱ्यांना मालाचा हिशेब लागत नाही, बाकी सगळं असंच. त्यांनी बिल पाठवल्याची तारीख सोडून खात्यात पैसे आल्याची तारीख धरावी आणि टीडीएस कापून हाती आलेली रक्कमच लिहावी. कापलेल्या कराचा परतावा मिळायचा असेल, तर तो प्रत्यक्ष येईपर्यंत बजेटमध्ये घेऊ नये. टीडीएस वजा जाऊनही वर्षाचा कर 10 हजार किंवा जास्त होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. तेवढे पैसे दुकानदाराच्या मालाच्या पैशांसारखे आधीच वेगळे काढावेत.